सगळ्या मोटरी नऊला

जत तालुक्यातल्या त्या सबस्टेशनात लॉगशीट पहिल्यांदा हातात घेतलं, तेव्हा त्याला भज्याचं तेल लागलेलं होतं. ते चाललं असतं. पण अख्ख्या आठवड्याचे आकडे एकाच पेनाने, एकाच बैठकीत लिहिलेले दिसत होते. नऊ वाजता ब्याण्णव, दहा वाजता चौऱ्याण्णव, अकरा वाजता त्र्याण्णव, बारा वाजता चौऱ्याण्णव. रोज तेच, जरा इकडेतिकडे केलेले. फिडरवर, म्हणजे सबस्टेशनातून गावाकडे जाणाऱ्या लाईनवर, किती अँपिअर चालले आहेत ते ऑपरेटरने दर तासाला मीटर पाहून या कागदावर लिहायचं असतं. इथे मीटर कोणी पाहिलाच नव्हता.

मी ऑपरेटरकडे पाहिलं. तो खिडकीतून बाहेर थुंकला आणि म्हणाला, "साहेब, आठ तासाचे आठ आकडे. त्यात बघायचं काय? लोड काय पळून जातंय व्हय?"

"मग हे लिहिलंत कधी?"

"शनिवारी. आठवड्याचं एकदम."

मी हसलो. ते हसू आठवलं की आजही स्वतःचीच शिसारी येते.

तेव्हा मी सांगलीच्या कार्यालयात नियोजनाचं काम पाहत होतो. घर साताऱ्याला, बायको-मुलं आणि वडील तिकडे. मी सोमवारी एसटीने यायचो आणि शनिवारी परत जायचो. जतच्या त्या गावातल्या शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीने मिळायची, अर्ध्या गावाला एक आठवडा दिवसा, तेव्हा उरलेल्या अर्ध्याला रात्री, आणि पुढच्या आठवड्यात उलट. आता गावाच्या गायरानावर सौर प्रकल्प उभा राहणार होता. त्याची वीज तिथल्याच सबस्टेशनात येणार आणि गावाला रोज दिवसा, नऊ ते पाच, वीज मिळणार, असं ठरलं होतं. प्रकल्प किती मोठा हवा आणि सबस्टेशनातल्या ट्रान्सफॉर्मरवर किती भार येईल, हे काढून अहवाल द्यायचं काम माझ्याकडे होतं.

त्यासाठी मुख्यतः तीन गोष्टी लागतात. लोड कर्व्ह म्हणजे दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज ओढली गेली, त्याची रेघ. लोड फॅक्टर म्हणजे त्या रेघेची सरासरी भागिले तिचं शिखर. शिखरापुरती यंत्रणा उभी करावी लागते, पण वीज विकली जाते सरासरीइतकी. म्हणून शिखर उंच आणि सरासरी बुटकी असली की यंत्रणेचा मोठा भाग बहुतेक वेळ रिकामा बसून राहतो. तिसरा डायव्हर्सिटी फॅक्टर. प्रत्येक ग्राहकाचा कमाल भार वेगळा मोजून त्यांची बेरीज करायची आणि तिला सगळ्यांच्या मिळून एकत्र आलेल्या कमाल भाराने भागायचं. शहरात एकाची गिरणी सकाळी चालते, दुसऱ्याचा गिझर पहाटे, तिसऱ्याचं दुकान संध्याकाळी. सगळ्यांची शिखरं एका वेळी येत नाहीत, म्हणून बेरजेपेक्षा लहान यंत्रणा पुरते. हा आकडा जितका मोठा, तितकी यंत्रणा लहान चालते.

हे मला माझ्या वडिलांनी कॉलेजच्या आधीच सांगितलं होतं. ते साताऱ्याकडच्या डोंगरात एका जलविद्युत केंद्रात नोकरीला होते. कोळशाची केंद्रं रेघेचा खालचा, सपाट भाग रात्रंदिवस वाहतात, आणि संध्याकाळी घरोघरी दिवे लागले की वरचा टोकदार भाग पाण्यावरची यंत्रं उचलतात, कारण ती काही मिनिटांत सुरू होतात. "रेघ कुठं चढणार ते आधी कळलं, तर पाणी राखून ठेवता येतं," ते म्हणायचे. "नाही कळलं, तर अंधार."

हे सगळं माहीत असलेल्या माणसाने तेलकट लॉगशीटवरचे शनिवारचे आकडे घेतले आणि त्यांची रेघ काढली. रेघ टेबलासारखी सपाट आली. लोड फॅक्टर नव्वद टक्क्यांच्या वर. डायव्हर्सिटी फॅक्टरसाठी जुन्या एका अहवालातला तक्ता उचलला. त्यात शेतीपंपांसाठी दीड लिहिलं होतं. कुणी, कधी, कुठल्या गावात मोजून लिहिलं होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तो तक्ता एका अहवालातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा वर्षानुवर्षं उतरत आला होता. उष्टं ताट पुढे सरकवावं तसं मीही तो पुढे सरकवला.

फिडरच्या मीटरमध्ये दर पंधरा मिनिटांची खरी नोंद आपोआप साठत असते. ती काढून घ्यायला चाचणी विभागाला एक पत्र द्यावं लागतं आणि आठवडाभर थांबावं लागतं. शुक्रवार होता. मला शनिवारची साताऱ्याची गाडी पकडायची होती. एवढंच कारण. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं आहे.

साहेबांनी, म्हणजे आमच्या कार्यकारी अभियंत्यांनी, अहवाल चाळला. "दीड धरलात ना? छान. मग आहे त्या ट्रान्सफॉर्मरमध्ये बसतंय. नवीन मागायला नको." त्यांनी सही केली आणि काजूकतलीचा डबा माझ्यापुढे सरकवला. मी दोन घेतल्या.

प्रकल्प झाला. मांडव घातला, फीत कापली, आणि महिनाभराच्या चाचणीवर दिवसाची वीज सुरू झाली. फिडर महिनाभर नीट चालला तर दिवसाची वीज कायम, नाहीतर पुन्हा जुनी पाळी, असं ठरलेलं होतं.

पहिल्याच सकाळी नऊ वाजता लाईट आली आणि नऊ वाजून काही मिनिटांनी गेली. ऑपरेटरने पुन्हा ब्रेकर टाकला. पुन्हा गेली. दुपारपर्यंत हाच खेळ. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला जतला धाडलं.

सबस्टेशनात ऑपरेटर घामाघूम झाला होता. "साहेब, टाकलं की पडतंय. आन् समोर बघा, एवढं ऊन पडलंय, पलीकडं सौरची वीज तयार हाय. मग कमी कुठं पडतंय?"

मी मीटरसमोर खुर्ची घेऊन बसलो आणि ब्रेकर टाकायला लावला. काटा एका झटक्यात वर गेला, ओव्हरलोडच्या खुणेपलीकडे, आणि तिथेच राहिला. मग आमच्या नोकरीत जे सगळ्यांना माहीत असतं आणि कागदावर कुणीच लिहीत नाही, ते मला समोर दिसलं. त्या गावातल्या जवळजवळ प्रत्येक स्टार्टरला ऑटो बसवलेला होता. लाईट आली की मोटर आपली आपण सुरू. रात्रीच्या पाळीत विहिरीवर जायला नको म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं ऑटो लावून ठेवले होते. म्हणजे गावात शंभर मोटरी असतील तर शंभरच्या शंभर एकाच मिनिटाला उठत होत्या. जुन्या पाळीत एका वेळी अर्ध्याच गावाला वीज असायची, म्हणून ते निभून गेलं होतं. सुरू होतानाचा विजेचा ओढा तर नेहमीच्या कितीतरी पट. तिथे डायव्हर्सिटी फॅक्टर दीड नव्हता, जेमतेम एक होता. शिवाय कागदावर पाच एचपी आणि विहिरीवर साडेसात अशा मोटरीही कमी नव्हत्या.

दुसरी गोष्ट मला दुपारी कळली. एकदा कसाबसा फिडर टिकला तेव्हा मी सबस्टेशनातच बसून दर पंधरा मिनिटांनी आकडे लिहिले. अकराच्या सुमाराला भार उतरू लागला. एकला निम्म्याहून खाली. जतच्या विहिरींना पाणी किती असणार? दोन तासांत तळ दिसतो आणि मोटरी बंद कराव्या लागतात. सोप्या आकड्यांत सांगायचं तर, नऊ ते अकरा शंभर मोटरी, अकरा ते एक साठ, पुढे पाचपर्यंत तीसच. लोड फॅक्टर पंचावन्न टक्के. आणि सौर प्रकल्प नऊला जेमतेम जागा होत असतो, भरभरून देतो तो साडेबाराच्या आसपास. म्हणजे भाराचं शिखर सकाळी, विजेचं शिखर दुपारी. सकाळचा सगळा बोजा जुन्या ट्रान्सफॉर्मरवर, आणि दुपारी सौरची वीज गावाला नको म्हणून उलटी, वरच्या मोठ्या वाहिन्यांच्या जाळ्यात. माझ्या अहवालातली सपाट रेघ खरी असती तर हे घडलंच नसतं. ती रेघ मी काढली होती.

संध्याकाळी गावात देवळासमोर लोक जमले. शिव्या सुरू होत्याच. एका बाजूला डोक्यावर पदर घेतलेली, चाळिशीची एक बाई उभी होती. नवरा फौजेत, सीमेवर. घरची तीन एकर डाळिंब ती एकटी पाहायची. सगळे तिला अक्का म्हणत.

"सायेब," ती म्हणाली, "मी रातच्याला विहिरीवर एकली जाती. सासू बॅटरी धरून बांधावर हुबी ऱ्हाती. तिला आता डोळ्यानं दिसत न्हाई, तरी हुबी ऱ्हाती. ही दिवसाची लाईट ऱ्हानार का जानार, तेवडं सांगा. बाकी तुमचं इंग्लिश नगं."

मी म्हणालो, "अक्का, सगळ्यांच्या मोटरी एका वेळी सुरू होतात, म्हणून..."

"मग काय आमी फुडल्या जन्मी सुरू करू व्हय?" मागून एक जण ओरडला. हशा झाला.

मी सांगितलं. जमिनीवर काठीने रेघा ओढल्या. एक मोटरींची, एक सौरची. शंभर मोटरी दोन गटांत केल्या, पन्नास नऊला आणि पन्नास अकराला, तर शिखर शंभरावरून ऐंशीवर येतं, आणि तेही अकरा ते एक, ऊन चढलेलं असताना. त्यासाठी प्रत्येकाने ऑटो काढायचा आणि आपल्या वेळेलाच हाताने मोटर टाकायची.

"ऑटो काढायचा?" हे बोलला तो गावातला मोठा बागायतदार. दोन विहिरी, दोन मोटरी. "आन् बाकीच्यांनी न्हाई काढला तर? मी काय यडा हाय?"

अक्का वळली. "दादा, तुमची ती साडेसातची पाच म्हणून नोंदवलेली मोटर हाय न्हवं, ती आदी बोला."

पुन्हा हशा झाला. बागायतदाराने पचकन थुंकून तोंड फिरवलं.

मग एका म्हाताऱ्याने सांगितलं की त्याच्या विहिरीत चार भावांचा वाटा आहे आणि आजोबापासून ते पाळीने पाणी घेतात. सोमवारी एक, मंगळवारी दुसरा. "आरं, विहिरीत पाळी चालती, तर लाइटीत का चालू नये? तारंत काय शेपरेट पानी असतंय?" हे म्हाताऱ्याने इतक्या सहज सांगितलं की मी मान खाली घातली. अख्ख्या गावाला जे आजोबापासून ठाऊक होतं, ते मी तक्त्यातून उचललेल्या दीडच्या खाली झाकून ठेवलं होतं.

तिथेच मी बोलायला हवं होतं. "हे माझ्या अहवालामुळे झालं" असं म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "तांत्रिक अडचण होती." सगळ्यांनी मान्य केलं. त्या शब्दाची मला अजून घाण वाटते.

गावाने पाळी लावली. अक्का आणि म्हाताऱ्याने वस्त्या वाटून घेतल्या, ओढ्याच्या अलीकडच्या नऊला, पलीकडच्या अकराला. ऑटो काढले. बागायतदाराने चौथ्या दिवशी काढला, कारण शेजाऱ्यांनी त्याच्या विहिरीवर जाऊन रोज नऊला बसायला सुरुवात केली होती. फिडर पडायचा थांबला. चाचणीचा महिना पुरा झाला.

मला वाटलं, सुटलो.

मग एके दिवशी साहेबांनी मला खोलीत बोलावलं. टेबलावर माझा अहवाल होता, नव्या रंगीत वेष्टनात. "तुमचं गाव यशस्वी झालं. हाच नमुना धरून आता आणखी गावांचे प्रस्ताव करायचे. कवठ्याची, आटपाडीकडची, पलीकडे माण-खटावची. दीडच धरा. सही करा इथं."

"साहेब, तिथे दीड नाही. पाळी लावली म्हणून कसाबसा सव्वा आला."

"यशस्वी झालंय ना?"

"गावाने केलं. अहवालाने नाही."

"मग पुढचीही गावं करतील." ते हसले. दातांत बडीशेप अडकली होती. ती हिरवी कणी मला अजून दिसते.

मी विचार करायला वेळ मागितला. शनिवारी साताऱ्याला गेलो, जेवलो, आणि रात्री हिशेब मांडत बसलो. खरं लिहिलं तर ज्या आधारावर त्या गावाला मंजुरी मिळाली तोच आधार खोटा ठरणार होता. मग अक्काची दिवसाची वीज टिकेलच असं नव्हतं. नाही लिहिलं तर नव्या गावांत नऊ वाजता तेच होणार, आणि तिथे पाळी लावायला कुणी अक्का असेलच असं नव्हतं. ट्रान्सफॉर्मर पडणार, दिवसाची वीज जाणार, आणि "तांत्रिक अडचण" म्हणायला माझ्यासारखा कुणीतरी जाणार.

सोमवारी सकाळी मी अक्काला फोन केला. सगळं सांगितलं. लॉगशीट, तक्ता, शुक्रवार.

ती म्हणाली, "म्हंजे तवा देवळाफुडं तुमी खोटं बोलला."

"हो."

"आन् आता खरं बोलायचंय, त्याचं मोल मी द्यायचं."

"अक्का, तुम्ही म्हणाल तसं," मी म्हणालो.

"मला इचारू नगा," ती म्हणाली. "तुमाला मी 'करा' म्हनलं तर तुमी म्हनाल अक्कानं सांगितलं. 'नगा' म्हनलं तरी अक्कानंच सांगितलं. तुमचं पाप तुमी उचला. माझ्या डोक्यावर द्याया फोन केला व्हय?"

तिने फोन ठेवला. तिने म्हटलं ते खरंच होतं. मी परवानगी मागायला फोन केला होता आणि त्याला प्रामाणिकपणा म्हणत होतो.

त्याच दिवशी चाचणी विभागाला पत्र दिलं. आठ दिवसांनी मीटरमधली पंधरा मिनिटांची नोंद आली. पाळी लावण्याआधीची रेघ आणि नंतरची रेघ मी एकाच कागदावर काढल्या, त्यावर सौरची रेघ काढली, आणि टिपण लिहिलं. मूळ अहवालातला लोड कर्व्ह लॉगशीटवरून काढला होता. लॉगशीट खरं नाही हे मला त्याच दिवशी माहीत होतं. दीडला कुठलाही आधार नाही. प्रत्येक गावाचा फिडर वेगळा मोजल्याशिवाय आणि पाळी ठरवल्याशिवाय प्रकल्पाची किंवा ट्रान्सफॉर्मरची क्षमता ठरवू नये. खाली सही केली.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "स्वतःच्या हाताने स्वतःचं तोंड काळं करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहतोय," ते म्हणाले. मग शांतपणे आदेश काढला. मूळ मंजुरीचा आधारच चुकीचा आहे, तेव्हा फेरतपासणी होईपर्यंत तो फिडर जुन्या पाळीवर. नियमाप्रमाणे त्यात काही चूक नव्हती. नव्या गावांचे प्रस्ताव मात्र थांबले. माझी चौकशी लागली. ती यथावकाश एका ताकीदपत्रावर संपली.

फेरतपासणीला सात आठवडे लागले. सौर प्रकल्प त्या काळात रोज दुपारी भरभरून वीज देत होता आणि ती सगळी गावाला वळसा घालून जाळ्यात जात होती. गाव एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मोटरी चालवत होतं. मी त्या काळात दोनदा जतला गेलो, मोजमापासाठी. दोन्ही वेळा अक्काच्या मळ्यावरून गेलो. दुसऱ्या वेळी ती बांधावर डाळिंबाच्या फांद्या छाटत होती. सासू झाडाखाली झोपली होती. भर दिवसा, तोंडावर पदर घेऊन, कारण तो आठवडा रात्रीचा होता.

"झालं का मोजून?" अक्काने विचारलं.

"पुढच्या आठवड्यात आदेश निघेल. दिवसाची पाळी, दोन गटांत. या वेळी कागदावर."

"किती येतंय तुमचं ते?"

"सव्वा."

ती फांदी छाटत राहिली. "सात आठवडं," ती म्हणाली. "हिला सर्दी भरली छातीत. ती कुठल्या रेघंवर मांडनार?"

मी उभा राहिलो. तिने पाणी विचारलं नाही, आणि या भागात घरी आलेल्या माणसाला पाणी न विचारणं म्हणजे काय, ते मला कळतं. मी गाडीकडे गेलो.

आदेश ठरल्याप्रमाणे निघाला. तिथे आता रोज नऊला ओढ्याच्या अलीकडच्या मोटरी सुरू होतात आणि अकराला पलीकडच्या. मी मात्र त्या मळ्यावर पुन्हा गेलेलो नाही. मीटरची पंधरा मिनिटांची नोंद दर महिन्याला माझ्याकडे येते, ती मी पाहतो. रेघ चांगली आहे.